मुंबईत तारीख ठरवताना मेसेज कसा लिहायचा

लातूरहून मुंबईत येऊन मला सतरा वर्षं झाली. गावाकडे कार्यक्रमाची तारीख ठरवताना आम्ही बाजारचा दिवस टाळायचो आणि पंचांग बघायचो, संपलं. इथे लोअर परळच्या ऑफिसात अकरा जणांचं साधं जेवण ठरवायला बसलो आणि लक्षात आलं की एका टेबलाभोवती पाच-सहा कॅलेंडरं बसलेली असतात. त्यातली चार मला ठाऊकच नव्हती. नवीन आलेल्यांची अडचण बहुतेक इथेच होते. मनात वाईट काहीच नसतं, मेसेज मात्र चुकतो.

माझाच मेसेज सांगतो. पहिल्याच वर्षी, रमजानमध्ये, मी ग्रुपवर लिहिलं होतं: ‘यांचा रोजा आहे, त्यामुळे आपण लंच कॅन्सल करतोय.’ मला वाटलं, केवढा समजूतदारपणा! ज्याच्यासाठी लिहिलं तो दिवसभर प्रत्येकाला सांगत फिरला, ‘अरे माझ्यामुळे नको, तुम्ही जा, मी बसतो ना सोबत.’ दहा जणांचं जेवण आपल्या नावावर रद्द झालेलं कुणाला आवडेल? तेव्हापासून तारीख बदलली तरी मी कारण कुणाच्या अंगावर टाकत नाही. मेसेजात फक्त वेळ लिहायची.

आता मार्च २०२५ घ्या. आमच्यातली एक सहकारी ठाण्याच्या कंपनीत चालली होती, शेवटचा दिवस २८ मार्च, शुक्रवार. निरोपाचं जेवण करायचं होतं. महिना असा होता: २ तारखेपासून रोजे. १३ ला होळी, १४ ला धुळवड, आणि तोही शुक्रवार. १७ ला संकष्टी. ख्रिस्ती सहकाऱ्यांचा उपवासकाळ ५ मार्चच्या बुधवारी सुरू झालेला, म्हणजे शुक्रवारी त्यांना मांसाहार नको. ३० ला पाडवा, ३१ ला ईद. आणि वर आर्थिक वर्षाची अखेर, ती तर सगळ्यांचीच.

एका नवीन मुलाने पहिला मसुदा मला दाखवला: ‘२८ ला दुपारी एक वाजता लंच, मुस्लिम मित्रांसाठी नंतर वेगळं बघू.’ एका ओळीत तीन घोटाळे. शुक्रवारी एकला जुम्म्याची नमाज. मशिदीगणिक नमाजाची वेळ थोडी मागेपुढे असते, म्हणून मी साडेबारा ते अडीच सरळ मोकळे सोडतो. रोज्यात पाणीही चालत नाही, तेव्हा ‘थोडं काहीतरी घ्या’ म्हणायलाही जागा नाही. आणि ‘वेगळं बघू’ म्हणजे त्यांना टेबलावरूनच उठवलं.

मग संध्याकाळी ठेवावं का? मार्चच्या उत्तरार्धात मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, इफ्तार तेव्हाच. ज्याला मीरा रोडला घरी पोहोचून रोजा सोडायचाय त्याला लोअर परळहून सव्वापाचला निघावं लागतं, तेही गर्दीची लोकल पकडून. ‘मग आपणच ऑफिसात इफ्तार ठेवू’ असं कुणी उत्साहात म्हणतं. ठेवा, पण रोजा असलेल्यांना आधी एकेकट्याने विचारून. बऱ्याच जणांना ती वेळ घरच्यांसोबत हवी असते, आणि सगळ्यांसमोर नाही म्हणणं जड जातं.

शेवटी निरोप आणि जेवण आम्ही वेगळं केलं. ग्रुपवर गेलेला मेसेज असा होता:

‘२८ तारखेला सकाळी ११:१५ ते ११:४५ कॉन्फरन्स रूममध्ये निरोपाचे दोन शब्द. खाणं ठेवलेलं नाही. सगळ्यांचं एकत्र जेवण एप्रिलमध्ये. १ ते ११ एप्रिलपैकी ज्याला जे दिवस किंवा ज्या वेळा जमणार नाहीत त्या मला पर्सनलवर कळवा. कारण लिहायची गरज नाही.’

यात संपण्याची वेळ लिहिली आहे, ती विसरू नका. नुसतं ‘११:१५ ला’ लिहिलं की अर्धे लोक मनात हिशोब करत बसतात की हे एकपर्यंत ताणलं तर काय. ‘खाणं ठेवलेलं नाही’ हे सगळ्यांसाठी सारखं आहे, म्हणून कुणी हात आखडून बसलेला दिसत नाही. आणि विचारलंय ते ‘कोणते दिवस नकोत’ एवढंच. ‘तुमचा काही सण आहे का?’ विचारलं की समोरच्याला धर्माचा तास घ्यावा लागतो, आणि ज्याला त्या दिवशी डॉक्टरकडे जायचंय त्याला उगाच वाटतं की आपलं कारण हलकं.

पर्सनलवर उत्तरं आली. १ एप्रिल दोघांनी खोडली. ईद चंद्रदर्शनावर ठरते, ३१ की १ हे आदल्या संध्याकाळपर्यंत नक्की नसतं. म्हणून ईदच्या आसपास काहीही ठरवताना दोन्ही दिवस सोडा. ‘कधी आहे तुमची ईद, नक्की सांगा’ असा तगादा लावू नका, त्यांनाही माहीत नसतं. बोहरी सहकाऱ्यांचं कॅलेंडर हिशोबाने आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे त्यांची ईद बहुधा एक-दोन दिवस अगोदर होऊन जाते. हे मला भेंडी बाजारात राहणाऱ्या एकाकडून कळलं, तेही आम्ही त्याला चुकीच्या दिवशी मुबारक दिल्यावर. उत्तर भारतातल्या एकीने ६ तारखेपर्यंत नको लिहिलं. चैत्रातलं नवरात्र. आपल्याकडे नवरात्र म्हटलं की आश्विनातलंच डोळ्यांसमोर येतं. श्रावणाचाही तोच गोंधळ: त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून जुलैत कुणी सोमवारी जेवत नसेल तर ‘अजून श्रावण कुठे लागलाय?’ म्हणू नका.

उरली ८ एप्रिल, मंगळवार, दुपारी एक. तीही पूर्ण मोकळी नव्हती. जैनांची चैत्रातली आयंबिलची ओळी चालू होती, म्हणजे दिवसातून एकदाच, तेल-तूप-दूध-साखर-मसाल्याशिवायचं जेवण. ती करणाऱ्या आमच्या जैन सहकारीने लिहिलं, ‘८ चालेल, मी येईन, माझ्यासाठी काही मागवू नका.’ इथे आपल्या मराठी माणसाचा हात शिवशिवतो. ‘उपवासाचं काहीतरी मागवू ना, साबुदाण्याची खिचडी!’ त्या खिचडीत बटाटा, तो कंदमूळ म्हणून एरवीही अनेक जैनांना चालत नाही, आणि आयंबिलात तर प्रश्नच नाही. आपला उपवास म्हणजे वेगळं खाणं. रोजा म्हणजे पाणीही नाही. जैनांच्या पूर्ण उपवासात फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. शब्द एकच वापरला तर ताट चुकतं. म्हणून मेसेजात ‘उपवासाची सोय आहे’ असं मोघम कधी लिहू नका. ‘ज्यांना वेगळं हवं किंवा काहीच नको, त्यांनी मला सांगा’ असं लिहा.

रद्द झालेल्या तारखांचं स्पष्टीकरणही ग्रुपवर दिलं नाही. ‘८ एप्रिल, मंगळवार, दुपारी १ ते २:१५’ एवढंच गेलं. खाली एकाने विचारलं, ‘३ का नाही? मला ३ बरी होती.’ नवीन मुलगा कारण टाइप करायला लागला होता, मी त्याला थांबवलं. ‘३ ला सगळे जमत नाहीत’ एवढं लिहिलं.

आठ तारखेला ती जैन सहकारी आपला थर्मास घेऊन आली, आमच्या मधोमध बसली आणि बिर्याणीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्यांना उकळलेलं पाणी पीत हसत राहिली.