sin(2x − π/3) मध्ये फेज शिफ्ट π/3 नसतो: साइन-कोसाइनचं समीकरण वाचताना या चुका टाळा

समीकरण बघून अ‍ॅम्प्लिट्यूड, पिरियड, फेज शिफ्ट आणि व्हर्टिकल शिफ्ट सांगा, असा प्रश्न आला की चारपैकी तीन गोष्टी बहुतेकांना जमतात आणि गाडी फेज शिफ्टवर अडकते. गंमत म्हणजे तिथे अडकलोय हे कळतही नाही, कारण उत्तर अगदी बरोबर वाटतं. म्हणून एकच समीकरण घेऊ, ते शेवटपर्यंत सोडवू आणि कुठे कुठे पाय घसरतो ते बघू.

y = −3 sin(2x − π/3) + 1

आधी सोप्या दोन गोष्टी. शेवटी जो +1 आहे तो व्हर्टिकल शिफ्ट, म्हणजे ग्राफची मधली रेघ, जिला मिडलाइन म्हणतात, ती y = 0 वरून उचलून y = 1 वर आली. sin च्या पुढे −3 आहे पण अ‍ॅम्प्लिट्यूड 3 च, −3 नाही, कारण अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणजे मिडलाइनपासून वरच्या किंवा खालच्या टोकापर्यंतचं अंतर आणि अंतर मायनसमध्ये नसतं. मग तो मायनस वाया गेला का? नाही, तो सांगतो की ग्राफ मिडलाइनभोवती उलटा झालाय, म्हणजे साधा साइन जिथे वर चढायला लागतो तिथे हा खाली उतरेल. हे एका कोपऱ्यात लिहून ठेवा कारण पुढे लागणार आहे. वरचं टोक 1 + 3 = 4 आणि खालचं 1 − 3 = −2. बरेच जण वरचं टोक 3 लिहून मोकळे होतात, म्हणजे +1 वाचलेला असतो पण वापरलेला नसतो.

पिरियड 2π/2 = π. इथे 2 हा x चा सहगुणक आहे आणि तो भागायचा असतो, गुणायचा नाही. लक्षात राहत नसेल तर असा विचार करा, x च्या आधी 2 असल्यामुळे आतला कोन दुप्पट वेगाने वाढतो, म्हणजे 2π पूर्ण करायला त्याला अर्धंच अंतर लागतं.

आता खरी चूक

कंसात −π/3 दिसतो, मायनस म्हणजे उजवीकडे हे पाठ असतं, आणि उत्तर लिहिलं जातं, फेज शिफ्ट π/3 उजवीकडे. चूक. बरोबर उत्तर π/6 उजवीकडे.

"कंसातली संख्या म्हणजे शिफ्ट" हा नियम खोटा नाही, फक्त तो x − h अशा रूपाला लागू होतो जिथे x एकटा उभा असतो. आपल्याकडे x एकटा नाही, त्याच्यासोबत 2 आहे. म्हणून आधी 2 कॉमन काढायचा:

2x − π/3 = 2(x − π/6)

आता x एकटा आहे आणि शिफ्ट समोर दिसतोय, π/6. कॉमन काढताना दुसऱ्या पदालाही 2 ने भागावं लागतं, हे घाईत राहून जातं आणि लोक 2(x − π/3) लिहितात. ते उलट गुणून बघितलं की 2x − 2π/3 येतं, म्हणजे आपलं समीकरण राहिलंच नाही. कॉमन काढल्यावर मनातल्या मनात एकदा परत गुणायची सवय लावा, त्याला फार वेळ लागत नाही.

पण असं का होतं हे एकदा समजलं तर पाठ करायचं कामच उरत नाही. sin(x − π/3) चा ग्राफ घ्या, तो खरोखर π/3 ने उजवीकडे सरकलेला आहे. आता त्यात x च्या जागी 2x टाकला की सगळा ग्राफ y अक्षाच्या दिशेने दाबला जातो, प्रत्येक बिंदूचं y अक्षापासूनचं आडवं अंतर निम्मं होतं. जो बिंदू π/3 वर बसला होता तोही त्यात आला, तो π/6 वर येतो. म्हणजे पिरियडसोबत शिफ्टसुद्धा दाबला गेला.

सहगुणक 1 पेक्षा लहान असेल तर हेच उलटं होतं आणि तिथे तर अजून जास्त चुकतात. y = 2 cos(x/3 + π/4) − 5 मध्ये पिरियड 6π आहे, आणि शिफ्ट? आतला कोन शून्य करा, x/3 + π/4 = 0, म्हणजे x = −3π/4. कंसात π/4 दिसत होता पण शिफ्ट त्याच्या तिप्पट निघाला आणि डावीकडे.

खरं सांगायचं तर मला कॉमन काढण्यापेक्षा हा "आतला कोन शून्य करा" वाला मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. चिन्हाची भानगड नाही, उजवीकडे की डावीकडे हे आठवावं लागत नाही, x धन आला तर उजवीकडे आणि ऋण आला तर डावीकडे, संपलं. शिवाय त्याच दमात पिरियडही तपासता येतो. आपल्या समीकरणात 2x − π/3 = 0 केलं की x = π/6, ही एका फेरीची सुरुवात. मग 2x − π/3 = 2π केलं की x = 7π/6, हा शेवट. दोघांतलं अंतर π, आणि पिरियडही π च काढला होता. जुळलं नाही तर दोन्हीपैकी काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं.

उत्तर बरोबर आहे का, ते कसं ओळखायचं

काढलेला शिफ्ट मूळ समीकरणात टाकून बघा. sin साठी त्या जागी y मिडलाइनवर यायला पाहिजे. x = π/6 टाकला की आतला कोन 0, sin 0 = 0, y = 1, बरोबर मिडलाइनवर. आता ते चुकीचं उत्तर x = π/3 टाकून बघा, आतला कोन π/3, sin ची किंमत साधारण 0.866, y साधारण −1.6 येतो. हा मिडलाइनच्या आसपासही नाही, म्हणजे शिफ्ट चुकला. cos असेल तर त्या जागी y टोकावर असायला पाहिजे, पुढचा सहगुणक धन असेल तर वरच्या, ऋण असेल तर खालच्या.

ग्राफ काढायचा असेल तर पिरियडचे चार भाग करा, इथे प्रत्येक भाग π/4, आणि π/6 पासून एकेक पाऊल टाकत जा. x ला π/6, 5π/12, 2π/3, 11π/12, 7π/6 असे पाच बिंदू मिळतात आणि y ला अनुक्रमे 1, −2, 1, 4, 1. बघा, पहिल्यांदा खाली −2 ला गेला आणि मग वर 4 ला, हा तो कोपऱ्यात लिहून ठेवलेला मायनस. तो विसरलं की टोकं बरोबर, पिरियड बरोबर, शिफ्ट बरोबर आणि तरीही ग्राफ नेमका उलटा येतो.

समीकरण नेहमीच्या क्रमात नसेल तर

y = 4 − 2 cos x बघितलं की पुष्कळांना अ‍ॅम्प्लिट्यूड 4 वाटतो, कारण तो सगळ्यात पुढे आहे. जागा बघू नका, cos ला कोण गुणतंय ते बघा. अ‍ॅम्प्लिट्यूड 2, मिडलाइन y = 4. तसंच y = 2(3 sin x + 1) मध्ये अ‍ॅम्प्लिट्यूड 3 नाही आणि व्हर्टिकल शिफ्ट 1 नाही, बाहेरचा 2 दोघांनाही लागतो, कंस सोडवला की 6 sin x + 2.

एक नोटेशनचा घोळ पण सांगून टाकतो. काही पुस्तकं y = A sin(Bx + C) + D लिहितात, तिथे शिफ्ट −C/B. काही पुस्तकं y = A sin(B(x − C)) + D लिहितात, तिथे शिफ्ट सरळ C. अक्षर तेच, अर्थ वेगळा, आणि एका ठिकाणचं सूत्र दुसऱ्या ठिकाणी लावलं की चिन्हही चुकतं आणि भागाकारही. फिजिक्समध्ये तर sin(ωt + φ) मधल्या φ लाच फेज म्हणतात, तो कोन असतो, आणि आपण इथे जो काढतोय ते x अक्षावरचं अंतर आहे. म्हणून सूत्रापेक्षा आतला कोन शून्य करणं बरं, ते कुठल्याही पुस्तकात चालतं.

उत्तर जुळत नाही, पण चूकही सापडत नाही

असं झालं की घाबरून सगळं खोडू नका, कारण फेज शिफ्टचं उत्तर एकच नसतं. ग्राफ दर π ला स्वतःवरच परत येतो, त्यामुळे π/6 उजवीकडे म्हणा किंवा 5π/6 डावीकडे म्हणा, ग्राफ तोच. दोन उत्तरांतला फरक पूर्ण पिरियडच्या पटीत असेल आणि बाकी सगळं सारखं असेल तर दोन्ही बरोबर.

अजून एक शक्यता, समोरच्याने मायनस काढून टाकलेला असू शकतो. वरच्या पाच बिंदूंत बघा, 2π/3 ला ग्राफ मिडलाइनवर आहे आणि तिथून वर चढतोय, म्हणजे तिथून साधा साइन सुरू होतोय असं धरलं तर y = 3 sin(2(x − 2π/3)) + 1. आणि 11π/12 ला वरचं टोक आहे, तिथून कोसाइन धरला तर y = 3 cos(2(x − 11π/12)) + 1. तिन्ही समीकरणं एकाच ग्राफची, शिफ्ट मात्र तीन वेगळे.

दोन समीकरणं खरंच सारखी आहेत का हे तपासायला दोन्हीत तोच x टाकून y काढा, पण एकाच बिंदूवर थांबू नका. उदाहरणार्थ 3 sin(2x + π/3) + 1 हे आपल्या समीकरणासारखंच x = 0 ला साधारण 3.6 देतं आणि आपण खूश होतो. मग x = π/4 टाका, आपल्या समीकरणाचा y = −0.5 येतो आणि त्याचा 2.5, म्हणजे ग्राफ वेगळे. वरच्या साइन आणि कोसाइनवाल्या दोन्ही रूपांत x = 0 आणि x = π/4 टाकून बघा, दोन्ही ठिकाणी 3.6 आणि −0.5 च मिळतील.