लॅपटॉप अडकतोय म्हणून फोटो उडवताय? या चुका टाळा

लॅपटॉप हँग व्हायला लागला की ‘मेमरी फुल झाली असेल’ म्हणत लोक आधी फोटो आणि पिक्चर डिलीट करायला घेतात. वीस-तीस जीबी मोकळे होतात, लॅपटॉप मात्र तसाच रखडतो. फोटो असतात स्टोरेजमध्ये, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर, आणि लॅपटॉप बंद केला तरी ते तिथेच राहतात. मेमरी म्हणजे रॅम. आत्ता उघडे असलेले प्रोग्रॅम आणि त्यांचा डेटा तिच्यात असतो, लॅपटॉप बंद केला की ती कोरी होते. न उघडलेला फोटो रॅममध्ये जागा अडवतच नाही. C ड्राइव्ह अगदी काठोकाठ भरला असेल, तर मात्र साफसफाईचा उपयोग होतो.

४ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप घ्या. निम्मी रॅम विंडोजच खातं. वर क्रोमचे पंधरा टॅब, एक्सेलची मोठी शीट आणि चालू व्हिडिओ मीटिंग. हे सगळं रॅममध्ये मावत नाही, मग सध्या हात न लावलेला भाग विंडोज डिस्कवरच्या pagefile.sys या फाइलमध्ये टाकतं. तुम्ही मीटिंगमधून एक्सेलवर गेलात की तो भाग परत आणावा लागतो आणि खिडकी पांढरी होऊन बसते. हार्ड डिस्क असेल तर हाल विचारू नका; एसएसडीवर हे सुसह्य होतं, पण रॅमचा वेग तिलाही नाही. रॅम ८ किंवा १६ जीबी केली की सगळे प्रोग्रॅम एकाच वेळी आत मावतात आणि ही ने-आण जवळपास थांबते.

पण न बघता रॅम विकत घेणं ही दुसरी चूक. आधी Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager उघडा, Performance मध्ये Memory वर जा आणि नेहमीचं सगळं काम एकदम चालू ठेवा. Committed खाली 6.4/7.8 GB असं काही दिसेल. पहिला आकडा म्हणजे प्रोग्रॅमनी मागितलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पहिला आकडा तुमच्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल आणि प्रोग्रॅम बदलताना डिस्क १००% वर जात असेल, तर रॅमच कमी पडतेय. मेमरी निवांत आणि CPU १००% वर असेल, तर रॅम वाढवून काही हाती लागणार नाही.

‘रॅम क्लीनर’ तर टाकूच नका. ते चालू प्रोग्रॅमचा डेटा जबरदस्तीने बाहेर काढतात, आणि पुढच्याच क्लिकला तो परत आणावा लागतो. म्हणजे दुखणं तेच, वर आणखी एक प्रोग्रॅम.

दुकानात जाण्याआधी Task Manager च्या त्याच Memory पानावर Slots used, म्हणजे रॅमच्या किती जागा भरल्यात, ते बघा, आणि मॉडेल नंबरवरून रॅम बदलता येते का तेही तपासा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. शिवाय रॅमच्या पिढ्याही वेगळ्या असतात: डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये पुढच्या पिढीची डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते.