प्रोफाइलमध्ये काफ्का लिहिलं आणि इंटरव्ह्यूत घाम फुटला

तीन वर्षांचा अनुभव झाल्यावर मी पहिल्यांदा जॉब बदलायला निघालो तेव्हा लिंक्डइनवर माझ्या अबाउटमध्ये काय होतं सांगू? 'रिझल्ट ड्रिव्हन फुल स्टॅक डेव्हलपर, पॅशनेट अबाउट स्केलेबल मायक्रोसर्व्हिसेस', आणि मग जावा, स्प्रिंग बूट, काफ्का, डॉकर, कुबरनेटिस, एडब्ल्यूएस, रिअॅक्ट अशी किराणा यादी. हे सगळं खोटं होतं असं नाही हां, या सगळ्याला माझा हात कधी ना कधी लागला होता, फक्त लागला होता एवढंच.

पुण्यातल्याच एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो. समोरच्याने प्रोफाइल उघडून विचारलं, काफ्का लिहिलंय ना, मग कन्झ्युमर ग्रुपमधला एक कन्झ्युमर मेला तर त्याच्याकडच्या पार्टिशनचं काय होतं? आता आमच्याकडे काफ्काचा सगळा सेटअप दुसऱ्या टीमचा होता, मी फक्त एका टॉपिकवर मेसेज टाकायचो, तेही त्यांनी दिलेली लायब्ररी वापरून. उरलेल्या ग्रुपमध्ये ती पार्टिशन्स पुन्हा वाटली जातात हे मला आज माहितीय, तेव्हा मी 'हाय अव्हेलेबिलिटी' वगैरे बडबडलो आणि तो माणूस चांगला म्हणून नुसता हसला. पुढची वीस मिनिटं काफ्कावरच गेली आणि जे काम मी खरंच केलं होतं त्याबद्दल एक प्रश्न आला नाही, कारण ते प्रोफाइलमध्ये धड दिसतच नव्हतं!

नंतर आमच्या टीममधल्या सिनियर ताईला दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, यात तू कुठेयस? हे वाचून मला कळत नाहीये की सोमवारी सकाळी ऑफिसला येऊन तू नक्की काय करतोस." मग तिने मला एकच प्रोजेक्ट घेऊन बसवलं, तोच इथे सांगतो. प्रोफाइल अर्थात इंग्रजीत लिहितो आपण, इथे मराठीत सांगतोय म्हणजे शब्दांपेक्षा मजकुराकडे लक्ष राहील.

काम असं होतं. एका लॉजिस्टिक कंपनीच्या डेपोमधले क्लार्क रोज सकाळी डिस्पॅचचं पान उघडायचे, आज कुठल्या ट्रकमध्ये काय भरायचं ते बघायला. पान उघडायला १८ सेकंद लागायचे, त्यामुळे ते लोक आदल्या संध्याकाळीच एक्सेल काढून ठेवायचे आणि रात्रीत ऑर्डर बदलली की सकाळी चुकीचा माल भरला जायचा. माझ्या प्रोफाइलमध्ये यावर एक ओळ होती: 'स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेस वापरून परफॉर्मन्स ४० टक्क्यांनी सुधारला'. ताईने विचारलं ४० कुठून आणला. मी गप्प, कारण सगळे लिहितात म्हणून लिहिला होता.

मग जुनं तिकीट आणि लॉग उघडून बसलो. दिवसाच्या साधारण ४०० ऑर्डर, आणि कोड आधी ऑर्डरची यादी आणायचा, मग प्रत्येक ऑर्डरचे आयटम आणायला वेगळी क्वेरी मारायचा, म्हणजे ४०१ क्वेरी. एकेक क्वेरी ४५ मिलिसेकंदांची, दिसायला काहीच नाही, पण ४०० ने गुणा आणि बघा. एवढ्या साध्या क्वेरीला ४५ तरी का, तर आयटमच्या टेबलमध्ये ऑर्डरच्या फॉरेन कीवर इंडेक्सच नव्हता (पोस्टग्रेस तो स्वतःहून बनवत नाही, हे मलाही तेव्हाच कळलं). मी `JOIN FETCH` लावून सगळं एका क्वेरीत आणलं, इंडेक्स डीबीएने सुचवला, मी तो टाकला. पान २ सेकंदांच्या आत उघडायला लागलं.

ताईसोबत चार वेळा खोडून शेवटी हे उरलं:

'डेपोच्या सकाळच्या डिस्पॅच पानाचा वेळ १८ सेकंदांवरून २ सेकंदांच्या आत आणला (प्रॉडक्शन लॉग, दिवसाला सुमारे ४०० ऑर्डर). जेपीएमध्ये ऑर्डरमागे एक क्वेरी जात होती ती एकत्र केली, डीबीएसोबत पोस्टग्रेसमध्ये इंडेक्स वाढवला. क्लार्कनी आदल्या दिवशीचं एक्सेल वापरणं बंद केलं.'

यात स्टॅक आलाच ना, पण जेपीए आणि पोस्टग्रेस एका कामाला लटकलेत, नुसते हवेत नाहीत. 'डीबीएसोबत' हा शब्द मला काढायचा होता, वाटलं आपलं काम कमी दिसेल, पण पुढच्या इंटरव्ह्यूत नेमकं त्यावरच विचारलं की इंडेक्समुळे किती फरक पडला आणि क्वेरीमुळे किती, आणि आम्ही दोन्ही बदल वेगवेगळे मोजले होते म्हणून मला सांगता आलं. आकड्याच्या बाबतीत एक चूक खूप जण करतात, आपल्या लॅपटॉपवर मोजतात. माझ्या लॅपटॉपवर टेस्ट डेटामध्ये ५० ऑर्डर आणि आयटमचं टेबल इवलंसं, तिथे ते पान आधीपासूनच एका सेकंदात उघडायचं! म्हणून आकडा कुठला ते कंसात लिहा, आणि आकडा नसेलच तर टक्के बनवू नका, त्या एक्सेलसारखं काय बंद झालं किंवा काय सुरू झालं ते लिहा, ते पुरतं. क्लायंटचं नाव, टेबलांची नावं, आतले स्क्रीनशॉट मात्र टाकायचे नाहीत, 'एका लॉजिस्टिक कंपनीसाठी' एवढं बास.

आता कोणी म्हणेल, रिक्रूटर तर शब्द टाकूनच शोधतात, मग यादी काढली तर आपण सापडणार कसे. बरोबर आहे, म्हणून यादी स्किल्सच्या रकान्यात ठेवा, तो त्यासाठीच आहे. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, त्यात मी 'बॅकएंड डेव्हलपर, जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस, डिस्पॅच आणि बिलिंग सिस्टिम' एवढंच ठेवलं. आणि अबाउटमधल्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीचं क्लिक केल्यावर, त्यामुळे तिथे 'पॅशनेट' घालवू नका, काम घाला. काफ्का मी स्किल्समधूनपण काढला. त्याने कॉल थोडे कमी आले हे खरं, पण जे आले ते माझ्या कामाचे होते.

फ्रेशर लोक विचारतात आमच्याकडे कुठला क्लायंट. माझी मावसबहीण सांगलीला शेवटच्या वर्षाला आहे, तिने लिहिलं होतं 'मर्न स्टॅक वापरून एंड टू एंड मेस मॅनेजमेंट सोल्युशन डेव्हलप केलं'. म्हटलं, कोण वापरतं ते? म्हणाली, "दादा, आमच्या हॉस्टेलच्या साठ मुली. आज जेवायला नाही हे पाचच्या आत टाकायचं. पण मेसच्या काकू अॅप उघडतच नव्हत्या, मग मी पाच वाजता त्यांना नावांचा एक मेसेज जाईल असं केलं." मी म्हटलं अगं मग हेच लिही ना, काकूंसकट. तिला ते फार घरगुती वाटत होतं, सोल्युशन शब्द सोडवेना, शेवटी 'डॅशबोर्ड वापरला जात नव्हता म्हणून रोज ५ वाजता नोड जेएसच्या शेड्यूल्ड जॉबने यादी पाठवली' यावर आमचं जमलं. काकूंना 'मेस चालवणारी व्यक्ती' केलंय तिने, तेवढं मी सोडून दिलं.