कानात इअरफोन, हातात पुस्तक: हाक मारताना या चुका टाळा

ओळखीचं कुणी इअरफोन लावून बसलेलं दिसलं की आपण पहिली चूक करतो ती मागून हाक मारण्याची. हाक ऐकू जात नाही, मग आवाज चढतो. आजूबाजूचे सगळे वळून बघतात आणि ज्याला बोलावलं तो सोडून सगळ्यांना कळतं. त्यानंतर खांद्यावर हात पडतो आणि तो माणूस दचकतो. बाहेरचा आवाज दाबणारे इअरफोन असतील तर पावलांची चाहूलही लागत नाही, त्यामुळे तो स्पर्श अगदी अचानक होतो.

त्यापेक्षा समोरून किंवा तिरकं, नजरेच्या टप्प्यात या. दीड-दोन पावलांवर थांबा, हात किंचित वर करा. नजर वर आली तर हसून मान हलवा. तिकडूनही मान हलली की नमस्कार झाला. पुढे बोलायलाच हवं असं नाही.

बोलावं की नाही, हे ओळखताना चेहऱ्यावर भिस्त ठेवू नका. ही दुसरी चूक, आणि माझ्या मते मोठी. हसू शिष्टाचारापोटीही येतं, हात मात्र खरं सांगतात. दोन्ही इअरफोन काढून डबीत ठेवले तर निवांत बोला. एकच काढून चिमटीत धरला असेल तर एका वाक्याची मुभा आहे. पुस्तकाचंही तसंच आहे. खूण घालून मिटलं तर वेळ आहे, पानांत बोट अडकवून ठेवलं तर लगेच परत जायचंय.

मी स्वतः हे चुकवलंय. एका प्रतीक्षागृहात जुनी सहकारी वाचत बसली होती. मी "अगं, किती दिवसांनी!" म्हणून शेजारी बसलो. ती छान हसली, म्हणून मी सुरू झालो. तिचं बोट पानात होतं. मी "काय वाचतेस?" विचारलं, तिनं न बोलता मुखपृष्ठ दाखवलं आणि पुस्तक पुन्हा उघडलं. तरी मला कळायला आणखी पाच मिनिटं लागली! खरं तर बोट दिसताच "वाच तू, जाताना भेटतो" म्हणून उठायला हवं होतं.

पुस्तकवाल्याच्या बाबतीत आणखी एक घाई होते. हाक ऐकूनही तो लगेच मान वर करत नाही. बहुधा वाक्य पुरं करत असतो. तीन-चार सेकंद थांबा, पुन्हा हाक मारू नका.

उत्तर आलंच नाही तर त्यात अपमान शोधू नका. वाचनात गढलेल्या माणसाला मोकळ्या कानांनीही कधी कधी हाक ऐकू येत नाही. मानसशास्त्रात याला लक्ष दुसरीकडे असल्यानं येणारं बहिरेपण म्हणतात. अर्थात नजरानजर होऊनही तो पुन्हा पानाकडे वळला, तर ते 'आत्ता नको' आहे. काही जण तर काहीही न लावता नुसतेच इअरफोन घालून बसतात, एकांत मिळावा म्हणून.

तातडीचं काम असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. समोर जाऊन हात हलवा आणि "काय, कसं काय" न करता थेट काम सांगा: "तुझा नंबर आलाय."