बायपासनंतर रक्त कमी आणि पाय बधिर: कॉपरची कमतरता नेमकी कशी तपासावी

वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास झालेला पेशंट काही वर्षांनी थकवा आणि बधिर पाय घेऊन आला की बहुतेक दवाखान्यांत दोन गोष्टी होतात. बी-12ची इंजेक्शनं सुरू होतात आणि लोहाची सलाईन लागते. दोन्ही गरजेचं असू शकतं, पण कॉपर न मोजता तेवढ्यावर थांबणं चुकीचं आहे. कॉपर मुख्यतः जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि बायपासमध्ये अन्न नेमकं तोच भाग टाळून पुढे जातं. शरीरातला साठा हळूहळू संपत असल्यामुळे त्रास अनेकदा शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी दिसतो, आणि तोवर ती शस्त्रक्रिया पेशंटही विसरलेला असतो.

एक नमुना केस घेऊ. दादरची 47 वर्षांची बाई, बायपासला सात वर्षं झालेली. हिमोग्लोबिन 8.4. पांढऱ्या पेशी 2,600 आणि त्यांपैकी न्यूट्रोफिल 30 टक्के, म्हणजे सुमारे 780. प्लेटलेट ठीक, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन भरपूर. बी-12ची इंजेक्शनं चालू आहेत आणि त्याची पातळीही उत्तम आहे. तरी तळपाय कापसावर ठेवल्यासारखे वाटतात, आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो.

सीबीसीत आधी न्यूट्रोफिल बघा. नुसत्या लोहाच्या कमतरतेने ते एवढे खाली येत नाहीत. पेशींच्या आकारावर मात्र विसंबू नका, कारण कॉपर कमी असताना तांबड्या पेशी लहान, मोठ्या किंवा नेहमीच्या आकाराच्या, कशाही असू शकतात. लोहाचा साठा भरपूर आणि हिमोग्लोबिन खाली, हे विसंगत वाटतं, पण त्याला कारण आहे. साठ्यातलं लोह बाहेर पडून रक्तात वाहून नेलं जायला कॉपर असलेली एन्झाइम लागतात. ती नसली की लोह घरात असून चुलीपर्यंत पोचत नाही. अशा वेळी लोहाची आणखी एक सलाईन देऊन काही साधत नाही.

मग पाय तपासा. पूर्वी मधुमेह होता म्हणून ‘डायबेटिक न्यूरोपथी’ लिहून मोकळं होणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक. 128 हर्ट्‌झचा ट्युनिंग फोर्क अंगठ्यावर आणि घोट्यावर ठेवा, डोळे मिटायला लावून अंगठा वर आहे की खाली ते विचारा, पाय जुळवून डोळे मिटून उभं करा. शेवटी गुडघ्यावर हातोडी मारा. पाय बधिर असून गुडघ्याचा प्रतिक्षेप जोरात येत असेल, तर बिघाड फक्त पायाच्या नसांत नाही, मज्जारज्जूतही आहे. कॉपर आणि बी-12 या दोहोंच्या कमतरतेत मज्जारज्जूचा मागचा भाग सारखाच बिघडतो. एमआरआयमध्येही तो सारखाच दिसू शकतो आणि कधी काहीच दिसत नाही. म्हणून एमआरआय नॉर्मल आला तरी तपास थांबवू नका.

आता रक्ताचा नमुना. खरी गडबड इथेच होते. नमुना कॉपरची गोळी सुरू करण्याआधीच घ्यायचा. ट्यूब गडद निळ्या झाकणाची, ट्रेस एलिमेंटसाठीची हवी. साध्या ट्यूबच्या झाकणातून आणि काचेतून धातू नमुन्यात उतरू शकतात, विशेषतः झिंक, आणि मग रिपोर्टवर भरवसा राहत नाही. मुंबईत गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवरून नमुना मोठ्या लॅबमध्ये जातो, म्हणून आधी फोन करून ‘निळी ट्यूब आहे का’ एवढं विचारून घ्या. नसेल तर दुसऱ्या दिवशी आणवा, पण लाल किंवा पिवळ्या ट्यूबवर भागवू नका. त्याच वेळी सिरम कॉपर, सेरुलोप्लाझमिन, झिंक आणि शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी असे चारही पाठवा. बी-12 आणि फोलेट सोबत असू द्यात. बी-12ची पातळी इंजेक्शनमुळे फुगलेली असू शकते, शंका असेल तर बी-12 खरंच कमी असताना वाढणारं मिथाइलमॅलोनिक अॅसिड मोजा.

सीआरपी कशाला, असा प्रश्न हमखास येतो. रक्तातलं बहुतेक कॉपर सेरुलोप्लाझमिन या प्रथिनाला बांधलेलं असतं. जंतुसंसर्ग, सूज, गरोदरपण किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांत यकृत हे प्रथिन जास्त बनवतं, आणि त्याबरोबर कॉपरचा आकडाही वर सरकतो. मग कमतरता झाकली जाते. आपल्या बाईचा पहिला नमुना लघवीच्या संसर्गात घेतला गेला: कॉपर 62 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, सेरुलोप्लाझमिन 18, सीआरपी 58. लॅबची खालची मर्यादा 70, म्हणून ‘किंचित कमी, लक्ष ठेवा’ असा शेरा पडला. हा शेरा चुकीचा होता. सीआरपी एवढा वर असताना कॉपरही वर जायला हवं होतं, ते 62च राहणं हाच इशारा होता. तीन आठवड्यांनी संसर्ग गेल्यावर पुन्हा नमुना घेतला: कॉपर 36, सेरुलोप्लाझमिन 10, सीआरपी 4. सूज असताना आलेला नॉर्मल आकडा कमतरता नाकारत नाही, हे पक्कं धरा. रिपोर्ट मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर 6.35ने गुणा, म्हणजे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतील.

विल्सनच्या आजारातही कॉपर आणि सेरुलोप्लाझमिन दोन्ही कमी दिसतात. शंका असेल तर 24 तासांची लघवी धातूविरहित डब्यात गोळा करा. विल्सनमध्ये तिच्यातलं कॉपर वाढतं, कमतरतेत ते कमी असतं.

यानंतर औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा, नुसतं विचारून चालत नाही. या बाईच्या पिशवीत केसगळतीसाठी रोज 50 मिलिग्रॅम झिंक निघालं, आणि रक्तातलं झिंकही वाढलेलं होतं. जास्त झिंकमुळे आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन तयार होतं. ते कॉपरला घट्ट धरून ठेवतं, आणि पेशी गळून पडल्या की कॉपर शौचावाटे जातं. कवळी चिकटवायच्या काही क्रीममध्येही झिंक असतं, तेही विचारा. झिंक बंद केलं नाही तर कॉपर देऊनही पातळी नीट चढत नाही.

बोनमॅरो करायचा विचार असेल तर त्याआधी कॉपरचा रिपोर्ट येऊ द्या. कॉपरच्या कमतरतेत मॅरोच्या पेशींत पोकळ्या आणि रिंग सिडरोब्लास्ट दिसतात, आणि त्यावरून मायलोडिसप्लेशिया या मॅरोच्या गंभीर आजाराचं निदान चुकून होतं. मॅरो झालाच असेल तर पॅथॉलॉजिस्टला बायपासबद्दल आणि झिंकबद्दल स्पष्ट लिहून कळवा.

उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. सौम्य ते मध्यम कमतरतेत तोंडावाटे रोज 3 ते 8 मिलिग्रॅम कॉपर, गंभीर असेल तर शिरेतून रोज 2 ते 4 मिलिग्रॅम, असं प्रमाण वापरलं जातं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी हा यावरचा उपाय नाही. त्यातून किती कॉपर मिळालं हे मोजता येत नाही, आणि इथे अडचण शोषणाची आहे. बी-12ही कमी निघालं असेल तर दोन्ही एकदमच द्या, एकाचा परिणाम बघत दुसऱ्याला थांबवू नका.

रक्ताचे आकडे साधारण 4 ते 12 आठवड्यांत सुधारतात. पायांचं तसं नाही. बिघाड वाढायचा थांबतो, पण गेलेली संवेदना अनेकदा अर्धीच परत येते. म्हणून न्यूट्रोफिल 780 दिसले त्याच दिवशी निळी ट्यूब जायला हवी होती.