20 टक्के बजेटमुळे गेले, पण बजेट कमी नव्हतं

देवगडच्या एका बागायतदार काकांच्या हापूसच्या गूगल जाहिराती मी सांभाळते. पहिल्याच हंगामातली ही गोष्ट. पॅकिंगच्या शेडमध्ये एक रिकामं क्रेट उलटं करून त्यावर लॅपटॉप ठेवलेला, शेजारी दोन बायका खोक्यांत गवत अंथरून डझनाच्या हिशोबाने आंबा भरतायत, आणि कॅम्पेनच्या नावापुढे लिहून आलंय `Limited by budget`. काकांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि निकाल दिला, "अगो, पैशे कमी पडतत म्हणता मा? वाढव बजेट, म्हणजे झाला." मी 500 खोडून 1000 लिहिलेही होते. सेव्ह करायच्या आधी कॉलम बघावेत एवढी अक्कल कशी सुचली कोण जाणे.

जाहिरातीच्या कामात नवीन असाल, तर `Columns` मध्ये जाऊन `Competitive metrics` खालचे हे तीन कॉलम आधी लावून घ्या:

```
Search impr. share
Search lost IS (budget)
Search lost IS (rank)
```

पहिला म्हणजे हिस्सा. तो सांगतो, तुमची जाहिरात जितक्या वेळा दिसण्यास पात्र होती त्यापैकी किती टक्के वेळा खरोखर दिसली. उरलेले दोन सांगतात की बाकीचं कुठे गेलं. दुसऱ्यातलं बजेट आखडल्यामुळे गेलं, तिसऱ्यातलं रँक कमी पडल्यामुळे, म्हणजे प्रत्येक शोधाला जाहिरातदारांमध्ये जो लिलाव होतो त्यात आपला नंबर खाली लागल्यामुळे. तिन्हींची बेरीज 100 येते, दशांशाचा फरक सोडा. पात्र इम्प्रेशन्स, म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती तो आकडा, हा गूगलचा अंदाज असतो. टार्गेटिंग, मंजुरी, जाहिरातीचा दर्जा वगैरे धरून तो काढलेला असतो, त्यामुळे आकडे नाण्यासारखे खणखणीत समजू नका. दिशा कळण्यापुरते मात्र ते पुरेसे असतात.

आमचा त्या आठवड्याचा हिशोब असा होता. रोजचं बजेट 500, आठवड्याचा खर्च 3,500 रुपये, इम्प्रेशन्स 2,400. हिस्सा 30 टक्के, बजेटमुळे गेलेला 20, रँकमुळे गेलेला 50. म्हणजे पात्र इम्प्रेशन्स साधारण 8,000. इम्प्रेशन्सना हिश्शाने भागलं की हा आकडा मिळतो, आणि पुढचं सगळं गणित त्यावरच चालतं.

नुसतं हे वाचलं तर वाटतं की दोन दुखणी आहेत. बजेटचं थोडं, रँकचं मोठं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि बजेट थोडं, बोली थोडी अशी दोन्हींत भर टाकतात. पण कॅम्पेनचा आकडा म्हणजे सगळ्या कीवर्डांची खिचडी. तो फोडल्याशिवाय त्यावर हात चालवू नये.

फोडायला एक अडचण येते. बजेटमुळे गेलेला हिस्सा फक्त कॅम्पेनच्या पातळीवर दिसतो, कीवर्डच्या पातळीवर तो कॉलमच मिळत नाही. रँकमुळे गेलेला मात्र कीवर्डलाही दिसतो. मग वजाबाकी करायची. 100 मधून मिळालेला हिस्सा आणि रँकमुळे गेलेला हिस्सा काढला की राहिलेलं ढोबळमानाने बजेटचं.

आमच्याकडे कीवर्ड तीनच होते. `devgad hapus` हा फ्रेज मॅचवर, म्हणजे त्याच अर्थाच्या शोधांपुरता, पात्र 2,000. त्याला हिस्सा 60, रँकमुळे 15, म्हणजे बजेटमुळे 25. `hapus mango price` पात्र 1,000, हिस्सा 30, रँकमुळे 50, राहिले 20. आणि `alphonso mango`, तोही ब्रॉड मॅचवर, म्हणजे आसपासच्या विषयांच्या शोधांनाही लागू होणारा. पात्र तब्बल 5,000, हिस्सा 18, रँकमुळे 64, राहिले 18.

आता खर्च बघा. 3,500 पैकी 1,750 एकट्या `alphonso mango` ने खाल्ले होते, तेही 25 रुपयांच्या क्लिकने, आणि त्यातून ऑर्डर आली एक. `devgad hapus` चा क्लिक 10 रुपयांचा, खर्च 1,200, ऑर्डरी नऊ. तिसऱ्यावर 550 गेले आणि दोन ऑर्डरी आल्या.

`Search terms` उघडलं तेव्हा उलगडा झाला. ब्रॉड मॅचच्या कृपेने आम्ही आंब्याच्या पल्पच्या डब्यांसाठी, हापूसच्या कलमांसाठी, मँगो मिल्कशेकच्या पाककृतीसाठी लिलावात उभे होतो. तिथे आमचं रँक कमी असणारच. पल्प शोधणाऱ्याला देवगडची पेटी दाखवली तर तो कशाला क्लिक करेल? अपेक्षित क्लिक कमी, जाहिरातीचा शोधाशी संबंध कमी, म्हणून दर्जा कमी, म्हणून रँक कमी. अ‍ॅड रँक नुसत्या बोलीवर ठरत नाही. जाहिरातीचा आणि लँडिंग पेजचा दर्जा, शोधणाऱ्याचा संदर्भ, लिलावातली चुरस, जाहिरातीला जोडलेले अ‍ॅसेट्स, हे सगळं त्यात येतं, आणि दिसण्यासाठी गाठावा लागणारा एक किमान उंबरठाही असतो. त्या लिलावांत रँक वाढवण्यासाठी पैसे ओतणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग काकांच्या देखत कागदावर मांडलं. बजेट वाढवून तो 20 टक्के पूर्ण भरून काढला, तर आठवड्याला साधारण 2,600 रुपये जादा जातील. त्यातले 1,750 परत `alphonso mango` कडेच. काका म्हणाले, "म्हंजे गड्याक दुप्पट मजुरी, आणि तो झोपलेलोच."

बजेट 500 वरच ठेवलं आणि `alphonso mango` बंद केला. नवशिक्यांनी एकदम बंद करायला घाबरू नये. पॉज केलेला कीवर्ड परत चालू करता येतो. बाकीच्या दोघांना `pulp`, `plant`, `recipe`, `juice` असे निगेटिव्ह लावले, म्हणजे हे शब्द असलेल्या शोधांना जाहिरात दाखवायची नाही. बोलीला हात लावला नाही, जाहिरातीचा मजकूर बदलला नाही.

पुढच्या आठवड्यात कॅम्पेनचा हिस्सा 73 झाला, रँकमुळे गेलेला 27, बजेटमुळे गेलेला शून्य. खर्च 2,600 च्या आसपास, म्हणजे 500 चं बजेट पुरून उरलं. ऑर्डरी 12 वरून 15. ते `Limited by budget` निघून गेलं. रँकमुळे गेलेला हिस्सा 50 वरून 27 वर आला, पण आमचं रँक कुठेही सुधारलं नव्हतं. ज्या लिलावांत आमचं काही काम नव्हतं ते छेदातून निघाले, एवढंच. ही टक्केवारी वाढली किंवा घटली की आधी पात्र इम्प्रेशन्सचा आकडा बदललाय का ते बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

आता जे रँकचं दुखणं उरलं ते खरं होतं, आणि ते बहुतेक `hapus mango price` चं होतं. `Quality Score` चे तीन भाग उघडले तर जाहिरातीचा संबंध ठीक, अपेक्षित क्लिक ठीक, लँडिंग पेजपुढे `Below average`. दर विचारणारा माणूस क्लिक करून येत होता आणि त्याला दिसत होता बागेचा भलामोठा फोटो. दर कुठेच नाही, फोन करा म्हणे. आम्ही डझनाचे आणि पेटीचे दर, कुठल्या शहरात किती दिवसांत पोचेल, एवढंच असलेलं साधं पान केलं. असा बदल दोन-चार दिवसांत दिसत नाही, त्यामुळे त्या काळात बोलीशी खेळायचं नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

मग अक्षय्य तृतीया आली. मुंबई-पुण्याकडून शोध एकदम वाढले. पात्र इम्प्रेशन्स आठवड्याला 3,000 वरून 5,500, हिस्सा 53 वर घसरला, रँकमुळे 27, आणि बजेटमुळे परत 20. पहिल्या आठवड्यातलाच आकडा! पण आता कीवर्ड दोनच, दोन्ही ऑर्डर देणारे, आणि रँकचा हिस्सा आधीच्या आठवड्याइतकाच स्थिर. म्हणजे लिलावात आम्ही तितकेच जोरात होतो, खिसाच आखूड पडत होता. या वेळी बजेट वाढवायचंच होतं. किती, त्याचंही सोपं गणित आहे. बजेटची तूट नसती तर हिस्सा 53 अधिक 20, म्हणजे 73 झाला असता. 500 ला 73 ने गुणून 53 ने भागलं की 690 च्या आसपास येतात. आम्ही 700 केलं. बोली वाढवली असती तर उलटंच झालं असतं. क्लिक महाग, त्याच पैशात क्लिक कमी, आणि बजेटची तूट आणखी मोठी.

दिवसाच्या आकड्यांवरून मात्र असं काही ठरवू नका. गूगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं आणि महिन्याचा हिशोब 30.4 दिवसांच्या हिशोबाने जुळवतं, म्हणून किमान आठवडा धरा. आणि टक्क्यांची सरासरी कधी काढू नका. सोमवारी पात्र 200 आणि हिस्सा 80, रविवारी पात्र 800 आणि हिस्सा 30, तर सरासरी 55 नव्हे. 160 आणि 240 मिळून 1,000 पैकी 400 वेळा दिसलात, म्हणजे 40. शीट उतरवून घेतलीत तर कमी हिश्शाच्या जागी `< 10%` असं लिहिलेलं येतं, ते बेरजेत धरता येत नाही हेही ध्यानात असू द्या.

वरचं सगळं हाताने बोली लावलेल्या कॅम्पेनचं. `Target CPA` वर, म्हणजे एका ऑर्डरमागे किती खर्च चालेल ते सांगून बोली गूगलवर सोडून, चालवत असाल तर एक गफलत होते. टार्गेट फार खाली ठेवलं की यंत्रणा बोली आखडते, आणि ते सगळं रँकच्या कॉलममध्ये जमा होतं. तिथे जाहिरातीचा मजकूर सुधारत बसण्याआधी टार्गेट बघा.

मे संपत आला तेव्हा काकांकडे दिवसाला जेमतेम दहा पेट्या निघत होत्या. बजेट 200 वर आणलं. बजेटमुळे गेलेला हिस्सा 60 च्या पुढे गेला आणि `Limited by budget` परत आलं. काकांनी ते वाचलं, चष्मा खाली केला आणि म्हणाले, "असो दे. आंबोच नाय तर दाखवतलंय कोणाक?"