0.98 मुळे आम्ही दोघं भावंडं तीन आठवडे भांडत होतो

माझा आत्तेभाऊ ओंकार बारावी देऊन मोकळा होता आणि मला सुट्टी होती, म्हणून फोनवर कॅरमचा गेम बनवायला घेतला. तो कोथरूडला, मी सदाशिव पेठेत, त्यामुळे कोड एकच पण प्रत्येकजण आपापल्या फोनवर चालवून बघणार. बोर्ड, सोंगट्या, पॉकेट सगळं चार दिवसांत झालं, अडकलो ते घर्षणावर.

माझ्या एका सीनियरने सांगितलं होतं की दर फ्रेमला वेग 0.98 ने गुण, सोंगटी आपोआप थांबते. मी टाकलं, मला मस्त वाटलं. ओंकारचा लगेच फोन, "ताई, तुझा बोर्ड पावसाळ्यात दमट झाल्यासारखा आहे, स्ट्रायकर मध्येच मरतो." मी म्हटलं अरे माझा तर पलीकडच्या कडेला आपटून परत येतो. मग तो आकडा 0.99 करायचा, मी चिडून परत 0.98 करायचे. असं तीन आठवडे, आणि शेवटी शेवटी एकमेकांशी नीट बोलणंही बंद झालं होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं कारण दोघंही खरं तेच सांगत होतो.

कळलं ते असं. एका रात्री त्याचा फोन 15 टक्क्यांवर आला, बॅटरी सेव्हर लागला आणि त्याचाही स्ट्रायकर अचानक पार पलीकडे जायला लागला! त्याची स्क्रीन सेकंदाला 120 वेळा रिफ्रेश होते, माझी 60 वेळा, आणि सेव्हरमध्ये त्याचीही 60 वर येते. म्हणजे त्याच्याकडे 0.98 चा गुणाकार सेकंदाला दुप्पट वेळा होत होता. समजा स्ट्रायकर 100 सेंमी प्रति सेकंद वेगाने सुटला. माझ्या फोनवर पहिल्या फ्रेमला तो 1.67 सेंमी सरकणार, पुढची प्रत्येक फ्रेम आधीच्या 0.98 पट, सगळी बेरीज साधारण 83 सेंमी. त्याच्या फोनवर पहिलं पाऊलच 0.83 सेंमीचं, म्हणून बेरीज 42 सेंमी. बोर्डचा खेळायचा भाग 74 सेंमी असतो, तेव्हा माझा स्ट्रायकर कडेला लागून परत येणार आणि त्याचा राणीची जागा ओलांडून मध्येच थांबणार. कोड तोच!

तुमच्या गेममध्ये हे आहे का ते बघायचं असेल तर बॅटरी सेव्हर चालू-बंद करून तोच शॉट मारा. फरक दिसला तर फिजिक्स स्क्रीनच्या फ्रेमपासून तोडा:

```
acc += frameTime
while (acc >= STEP) {
  stepWorld(STEP)
  acc -= STEP
}
```

STEP आम्ही 1/120 सेकंद ठेवला. घाबरू नका, एवढाच बदल आहे. पण इथे थांबूही नका, कारण यानंतरही ओंकार म्हणत होता की हळू मारलेली सोंगटी खोटी वाटते, आणि त्याचं बरोबर होतं. गुणाकाराने वेग कधी शून्यच होत नाही, सोंगटी शेवटी मुंगीसारखी सरकत राहते. खऱ्या बोर्डवर घर्षण दर सेकंदाला ठरावीक वेग वजा करतं, सोंगटी जोरात असो की हळू.

हे मोजायला आम्ही त्याच्या मंडळाच्या खोलीतल्या बोर्डवर पावडर टाकून सोंगटीला टिचकी मारली आणि सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढला. कडेला लागलेल्या टिचक्या सोडून दिल्या. एक चांगली मिळाली, बोटापासून सुटल्यावर 60 सेंमी जाऊन 288 फ्रेमला थांबली, म्हणजे 1.2 सेकंद. अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, साधारण 83 सेंमी प्रति सेकंद वर्ग.

```
speed = max(0, speed - 83 * STEP)
```

याने काय बदललं बघा. 100 च्या वेगाने सोंगटी 60 सेंमी जाते, वेग निम्मा केला तर 30 नाही, फक्त 15 सेंमी. गुणाकारात मात्र अंतर निम्मंच होतं, म्हणून पॉकेटच्या तोंडाशी हळूच लावलेली सोंगटी नको तितकी पुढे जायची. माझं स्पष्ट मत आहे की कोणाचा तयार आकडा घेऊ नका, सीनियरचा तर मुळीच नाही. त्याने त्याच्या फोनवर बघितलेलं असतं. आमचा 83 पण घेऊ नका, पावडर कमी झाली की तो वाढतो.

आता भांडण कडेवरून आहे. कडेला लागल्यावर वेग किती उरतो यावर मी 0.7 म्हणते, ओंकार 0.8. रविवारी परत मंडळात जाणार आहोत, या वेळी फोन बोर्डच्या बरोब्बर वर टांगून.